थायलंडच्या सर्टिफिकेटवर ड्युटी कमी मागायची का?

प्रश्न: वाळूजला आमचं छोटं युनिट हाय. थायलंडहून बॉल बेअरिंग मागवायलो, सप्लायर माल तिथलाच असल्याचं आसियानचं सर्टिफिकेट देतो म्हणतोय. ते लावलं की झालं का?

भाऊ, नाही होत. 2020 पासून कस्टम्स कायद्यात कलम 28डीए आलंय आणि सोबत कॅरोटार नियम, त्यानुसार माल खरंच तिथलाच आहे हे माहीत असण्याची जबाबदारी इम्पोर्टरची, म्हणजे तुमची, नुसता कागद दाखवून सुटका नाही.

आधी आसियानच्या ड्युटी सवलतीच्या 46/2011 नोटिफिकेशनमध्ये तुमच्या मालाचा कस्टम्स कोड आहे का आणि सवलतीचा रेट किती ते सीएचएकडून, म्हणजे तुमच्या कस्टम्स एजंटकडून, बघून घ्या, तिथं नसला तर पुढचं सगळं सोडाच. असला तर आसियानच्या साधारण नियमात दोन्ही अटी लागतात: बाहेरच्या कच्च्या मालाचा सहा अंकी कोड बदलला पाहिजे, आणि किमतीतला 35 टक्के वाटा आसियान-भारतातला पाहिजे.

लोक पहिल्यावरच खूश होतात. चीनहून आलेल्या रिंगा 848299 मध्ये, गोळ्या 848291 मध्ये, तयार बेअरिंग 848210 मध्ये, म्हणजे नुसती जोडणी केली तरी कोड बदलतो. पण समजा बेअरिंगची एफओबी किंमत, म्हणजे तिकडच्या बंदरात जहाजावर चढवेपर्यंतची किंमत, 100 रुपये, त्यात चिनी रिंगा 52 च्या आणि गोळ्या-केज 18 चे, तर बाहेरचं झालं 70, थायलंडचं उरलं 30, गेलं काम! आता त्याच गोळ्या-केज थायलंडमध्येच बनत असतील तर बाहेरचं 52, आतलं 48, आरामात बसतं.

म्हणून सप्लायरला सर्टिफिकेटच्या आधी हे विचारा की हीट ट्रीटमेंट आणि ग्राइंडिंग तुमच्याकडं होतं का फक्त असेंब्ली. फक्त असेंब्ली म्हणला की माझ्या तरी मनात पाल चुकचुकते. मग पार्टवार खर्चाचं ब्रेकअप मागा आणि ते कॅरोटारच्या फॉर्म 1 मध्ये भरून ठेवा, बिल ऑफ एंट्रीपासून 5 वर्षं जपावं लागतं. कस्टम्सच्या साहेबांनी माहिती मागितली तर 10 वर्किंग डेज मिळतात, तेवढ्यात बँकॉकला मेल टाकून उत्तराची वाट बघणं म्हणजे लई अवघड. तपासणी तिकडच्या सरकारकडं गेली तर माल सोडवायला ड्युटीच्या फरकाएवढी सिक्युरिटी द्यावी लागू शकते, छोट्या युनिटचं खेळतं भांडवल तिथंच अडकतं.

ब्रेकअप सिक्रेट आहे म्हणून सप्लायर देत नसला आणि 35 टक्क्यांचा दुसरा कुठलाच भरवसा नसला तर माझं मत सरळ आहे, पूर्ण ड्युटी धरून कॉस्टिंग करा आणि तरी परवडतंय का ते बघा. कारण तपासणीत माल एकदा नापास झाला ना, तर त्याच सप्लायरचा तसलाच माल पुढं आला तरी नवी तपासणी न करताच सवलत नाकारता येते.