साक्षरतेचे दहा टक्के कुठे गेले?

प्रश्न: 2011 च्या जनगणनेनुसार भारताची साक्षरता 73 टक्के आहे असं सगळीकडे लिहिलंय. मी जनगणनेच्याच फाइलमधली साक्षरांची संख्या एकूण लोकसंख्येने भागली तर 63 टक्के येतात. दोनदा करून पाहिलं. माझं काय चुकतंय?

उत्तर:

भागाकार बरोबर आहे, भाजक वेगळा घ्यायला हवा होता. एकूण लोकसंख्येतून 0 ते 6 वयाची मुलं आधी वजा करा आणि मग भागा.

आकडे असे आहेत: एकूण लोकसंख्या 121.09 कोटी, साक्षर 76.36 कोटी, 0–6 वयोगटातली मुलं 16.45 कोटी. तुम्ही 76.36 ला 121.09 ने भागलंत, म्हणून 63.07 आले. मुलं वगळली की खाली 104.63 कोटी उरतात आणि उत्तर 73 च्या अगदी जवळ येतं. पहिल्याला ढोबळ साक्षरता दर म्हणतात. जाहीर होतो तो दुसरा, म्हणजे सात वर्षं आणि त्यापुढच्या लोकांचा दर.

मुलं का वगळायची? जनगणनेत साक्षर म्हणजे ज्याला कुठल्याही एका भाषेत समजून वाचता आणि लिहिता येतं तो. सात वर्षांखालचं मूल, त्याला वाचता येत असलं तरी, जनगणना निरक्षरच धरते. म्हणजे हे साडेसोळा कोटी जीव अंशात जाऊच शकत नाहीत. जे वर कधीच जाणार नाहीत त्यांना खाली ठेवलं, तर दर शिक्षणाबरोबर घरात तान्ही मुलं किती आहेत हेही मोजायला लागतो.

याचा परिणाम राज्यांची तुलना करताना दिसतो. केरळात 2011 साली 0–6 ची मुलं लोकसंख्येच्या साधारण 10.4 टक्के होती, बिहारमध्ये 18.4 टक्के. केरळचा ढोबळ दर 84.22 आणि मुलं वगळून 94. बिहारचा ढोबळ दर 50.44 आणि मुलं वगळून 61.80. मुलं वगळल्यावर बिहारचा दर मूळ दराच्या साडेबावीस टक्क्यांनी फुगतो, केरळचा साडेअकरा टक्क्यांनी. ढोबळ दर वापरला तर जिथे जन्मदर जास्त तिथल्या शाळांच्या माथी नसलेला दोषही बसतो.

आता तुमच्याच फाइलमधला एक सापळा. त्यात एकूण लोकसंख्येचा `TOT_P`, 0–6 च्या मुलांचा `P_06` आणि साक्षरांचा `P_LIT` यांच्याबरोबर `P_ILL` नावाचा रकाना असेल. नाव वाचून वाटतं की हे निरक्षर. देशासाठी तिथे 44.72 कोटी दिसतील. पण हा रकाना म्हणजे एकूण वजा साक्षर, एवढंच. पाळण्यातली बाळंसुद्धा त्यात आहेत. सात वर्षांपुढचे निरक्षर हवे असतील तर `P_ILL` मधून `P_06` वजा करा, 28.27 कोटी उरतात. 73 टक्के साक्षरता आणि 44.72 कोटी निरक्षर हे दोन्ही आकडे एकाच परिच्छेदात दिसले, की लिहिणाऱ्याने दोन वेगळे पाये एकत्र केलेत असं समजा. पडताळा सोपा आहे: साक्षर आणि निरक्षर यांची बेरीज करा. ती 121 कोटी आली तर मुलं आत आहेत, 104 कोटी आली तर बाहेर.

मी स्वतः याहून वाईट फसलोय. दशकवार साक्षरतेचा आलेख काढत होतो. 1971 ला 34.45, 1981 ला 43.57. नऊ टक्क्यांची उडी! सत्तरच्या दशकात असं काय घडलं याची कारणं मी दोन दिवस शोधली, आणि लाज वाटते पण सापडलीही. कारणं शोधायला बसलं की मिळतातच. मग तक्त्याखालची बारीक अक्षरातली टीप वाचली: 1951, 1961 आणि 1971 चे दर पाच वर्षं व पुढच्या लोकांचे, 1981 पासूनचे सात वर्षं व पुढच्यांचे. मधल्या मधे पाच आणि सहा वर्षांची मुलं खालून काढून टाकली होती.

1981 चा दर जुन्याच पद्धतीने, पाच वर्षांपुढच्यांवर काढला तर 41.43 येतो. म्हणजे खरी वाढ सातच्या आसपास, उरलेले दोनेक टक्के फक्त पाया बदलल्याचे. ताळा म्हणून ढोबळ दर पाहिले: 1971 ला 29.45, 1981 ला 36.23. इथेही वाढ सातच्या खालीच. (त्यात 1981 ला आसामात जनगणना झालीच नव्हती, म्हणजे भूगोलही पूर्ण सारखा नाही.) दोन दिवसांची ती कारणमीमांसा मी गुपचूप पुसून टाकली.

तेव्हा ढोबळ दर टाकाऊ नाही. पातळी सांगायला तो वाईट, पण वयाची अट बदललेली असताना जुनी-नवी वर्षं जोडायला उपयोगी पडतो, कारण त्याचा पाया तोच राहतो. फक्त त्या काळात मुलांचं प्रमाण फार बदललेलं नसावं.

हाच खेळ बेरोजगारीच्या दरात जास्त अवघड होतो, म्हणून थोडक्यात सांगतो. तिथे खाली लोकसंख्या नसते, श्रमबल असतं: काम करणारे अधिक काम शोधणारे किंवा कामासाठी तयार असलेले. 2017-18 च्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणात नेहमीच्या स्थितीनुसार, म्हणजे मागच्या वर्षभरातल्या कामावरून, दर 100 लोकांमागे 36.9 श्रमबलात होते आणि 34.7 कामावर. मधले साधारण सव्वादोन बेरोजगार. त्यांना 36.9 ने भागलं की गाजलेला 6.1 टक्के दर मिळतो, तुमच्यासारखं 100 ने भागलं तर सव्वादोनच.

फरक असा, की साक्षरतेचा पाया वयाने ठरतो आणि वय कुणाच्या मनावर नसतं. श्रमबलातून मात्र माणूस स्वतः बाहेर पडू शकतो. समजा 1000 जणांच्या श्रमबलात 60 बेरोजगार आहेत, दर 6 टक्के. त्यातल्या 20 जणांनी कंटाळून काम शोधणं सोडलं आणि आता कामासाठी तयारही नाहीत. ते वरूनही गेले, खालूनही गेले: 980 पैकी 40, दर 4.1 टक्के. एकालाही नोकरी लागली नाही. म्हणून बेरोजगारी घटल्याची बातमी वाचताना मी शेजारी कामावर असलेल्यांचं लोकसंख्येशी प्रमाण पाहतो. वरच्या उदाहरणात ते जागचं हललेलं नाही.

तुमच्या कामापुरतं: जिल्ह्याचे किंवा तालुक्याचे दर काढत असाल तर `P_LIT` भागिले (`TOT_P` वजा `P_06`) हेच सूत्र प्रत्येक ओळीला लावा. स्त्री-पुरुष वेगळे हवे असतील तर मुलंही त्या त्या रकान्यातली, म्हणजे `F_06` आणि `M_06`, वजा करा. आणि जिल्ह्याचा दर हवा म्हणून तालुक्यांच्या टक्क्यांची सरासरी काढू नका, आधी संख्या बेरीज करा, मग भागा.