रिपोर्टात ३८ टक्के आले, आता काय? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

मॅडम, माझ्या थिसिसचा प्लेजरिझम रिपोर्ट ३८ टक्के आलाय. म्हणजे ३८ टक्के चोरी केली असं धरतात का?

नाही. तो आकडा फक्त जुळणाऱ्या मजकुराचा असतो, चोरी आहे की नाही हे माणसाने रिपोर्ट उघडून ठरवायचं असतं.

रिपोर्टात सगळीकडे लाल दिसतंय, खूप घाबरलेय.

टर्निटिन या साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरच्या जुन्या रिपोर्टात ज्या सोर्सशी सगळ्यात जास्त जुळतं त्याला एक नंबर आणि लाल रंग मिळतो, एवढंच. लाल म्हणजे गुन्हा नव्हे.

मग संदर्भसूची काढून फाईल अपलोड केली तर? सीनिअर म्हणतात सगळे असंच करतात.

सीनिअरना म्हणावं करू नका. पूर्ण फाईलच द्यायची आणि संदर्भसूची फिल्टरने वगळायची, कारण तपासलेली प्रत आणि जमा केलेली प्रत वेगळी निघाली तर साध्या गोष्टीचं प्रकरण होतं.

मी कायद्यात पीएचडी करतेय, विषय घटनादुरुस्ती. साधारण ६०,००० शब्द, रिपोर्ट ३८ टक्के. गाईड म्हणतात कोटेशन आहेत, ठीक आहे. ऑफिसातले म्हणतात १० च्या खाली आणा, नाहीतर घेणार नाही. खरं कोणाचं?

दोघांचं अर्धं अर्धं. यूजीसीच्या २०१८ च्या नियमात १० टक्क्यांपर्यंत दंड नाही हे खरं, १० च्या वर ४० पर्यंत गेलं तर ठरलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत, दुरुस्त करून परत द्यावं लागतं. पण त्याच नियमात लिहिलंय की श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर, संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश, कायद्यांचा मजकूर आणि प्रचलित संज्ञा मोजायच्याच नाहीत. म्हणजे १० ची रेघ हे सगळं वगळल्यावर लागते, आधी नाही, आणि ऑफिसात बहुतेक वेळा फिल्टर न लावलेलाच आकडा हातात धरून भांडण चालतं.

तुम्ही पाठवलेल्या रिपोर्टाचा ढोबळ हिशेब बघा. ३८ टक्के म्हणजे साधारण २२,८०० शब्द जुळलेत. त्यातले ७,२०० शब्द, म्हणजे १२ टक्के, शेवटच्या संदर्भसूचीत आणि खटल्यांच्या यादीत आहेत. Kesavananda Bharati v. State of Kerala, AIR 1973 SC 1461 ही ओळ या विषयावर लिहिणारा प्रत्येकजण अशीच लिहिणार, ती जुळली नसती तरच मला काळजी वाटली असती. अजून ९,६०० शब्द, म्हणजे १६ टक्के, अवतरणचिन्हातले निकालांचे उतारे आणि घटनेतली कलमं. हे दोन्ही गेले की उरले १० टक्के, ६,००० शब्द. त्यातले २,४०० प्रमाणपत्राची पानं, कायद्यांची नावं, असे चार-सहा शब्दांचे तुकडे. खरे प्रश्नाचे राहिले ३,६०० शब्द, ६ टक्के.

आता "६ म्हणजे पास" म्हणून फाईल बंद करू नका, बघायचं असतं ते याच ६ मध्ये. तुमच्या तिसऱ्या प्रकरणात निकालाचा म्हणून दिलेला एक परिच्छेद मुळात कोर्टाचा नाहीच, तो लॉ रिपोर्टच्या संपादकाने केलेल्या सारांशातला, हेडनोटमधला आहे. हेडनोट म्हणजे कायदा नव्हे, तिला ती सवलत नाही, त्यामुळे मूळ निकालातला परिच्छेद शोधून तोच नंबरासकट उद्धृत करा. दुसरं, साहित्य आढाव्यात एका लेखाच्या सारांशातली वाक्यं अवतरणचिन्हं न लावता आलीत, खाली तळटीप आहे पण वाक्यं त्यांचीच आहेत. ती एकतर अवतरणात टाका नाहीतर लेख पुन्हा वाचून, बाजूला ठेवून, स्वतःच्या शब्दांत लिहा. आणि निष्कर्षाचं प्रकरण वेगळं तपासा, कारण सारांश, गृहीतक, निरीक्षणं, निष्कर्ष, शिफारसी यांत साम्य नकोच असं नियम म्हणतो, तिथे टक्केवारीचा आधार नाही. एवढं करून गाईडच्या सहीची टीप जोडा, काय वगळलं आणि का, आणि विद्यापीठाच्या ग्रंथालयातून फिल्टर लावलेला रिपोर्ट मागा. तुमच्या विद्यापीठाचे स्वतःचे नियम जास्त कडक असू शकतात, तेही तिथेच विचारा.

Exclude Quotes हा फिल्टर लावला तरी माझी अवतरणं मोजली जातायत.

बहुधा तुम्ही एकेरी अवतरणचिन्हं वापरलीत. टर्निटिन दुहेरी ओळखतं, एकेरी नाही. लांब उतारा चिन्हांशिवाय दिला असेल तर तो नीट आत सरकवलेला परिच्छेद हवा आणि फाईल पीडीएफ नाही, वर्डची द्या. संदर्भसूचीचंही तसंच, References किंवा Bibliography हे शीर्षक स्वतंत्र ओळीवर असलं तर सॉफ्टवेअरला कळतं. मराठी शीर्षक असेल तर ग्रंथालयात दाखवून घ्या.

१४ शब्दांपर्यंत उचललं तर चालतं म्हणतात, खरं का?

नाही. सामान्य ज्ञान किंवा योगायोगाने जुळणारे सलग १४ शब्दांपर्यंतचे तुकडे वगळायचे, असं आहे ते. दर पंधराव्या शब्दाला एक शब्द बदलून कोणाचा परिच्छेद आणलात तर तो वाचणाऱ्याला कळतोच.

विद्यापीठाच्या बाहेर झेरॉक्सवाले ३,००० रुपयांत "प्लेजरिझम रिमूव्ह" करून देतात, ५ टक्क्यांची गॅरंटी. मुदत जवळ आलीय, करू का?

करू नका, आणि हे जरा लांबवून सांगते कारण दर सेमिस्टरला हेच ऐकायला मिळतं.

हे लोक तुमचा थिसिस वाचत नाहीत, त्यांना फक्त आकडा पाडायचाय, आणि आकडा सगळ्यात सोपा पडतो तो अवतरणातूनच. म्हणून ते आधी तुमची अवतरणचिन्हं काढतात आणि आतले शब्द बदलतात. मी पाहिलेल्या एका फाईलमध्ये कोर्टाच्या उताऱ्यातल्या "basic structure" चं "fundamental building" झालं होतं, तळटीप मात्र तशीच, त्याच पान नंबराला. म्हणजे जे योग्य श्रेय देऊन उद्धृत केलेलं होतं, ज्याला नियमाने सूट होती, ते आता कोर्टाच्या तोंडी घातलेलं खोटं वाक्य झालं! त्या फाईलचा आकडा ७ आला होता, पण मौखिक परीक्षेत परीक्षकांनी नेमका तोच उतारा काढला.

दुसरी युक्ती अक्षरांची, इंग्रजी a च्या जागी तसंच दिसणारं रशियन अक्षर, किंवा शब्दांमध्ये पांढऱ्या रंगाची अक्षरं. टर्निटिन अशा लपवलेल्या मजकुरावर आणि बदललेल्या अक्षरांवर वेगळी खूण करतं. ती खूण दिसली की मग टक्केवारी कोणी बघत नाही, हेतू बघतात, आणि "मला माहीत नव्हतं, दुकानदाराने केलं" हे उत्तर समितीपुढे चालत नाही कारण सही तुमची असते. शिवाय तुमची फाईल त्या दुकानातून पुढे कुठे जाते ते कोणी सांगत नाही.

मुदत जवळ असेल तर आज गाईडकडे जा आणि मुदतवाढीचा अर्ज द्या. नुसती अवतरणं आणि संदर्भसूचीमुळेच आकडा चढला असेल तर फिल्टर लावण्यापलीकडे करायचं फारसं काही नसतं, त्याला पैसे कशाला?

म्हणजे जास्तीत जास्त मजकूर अवतरणात टाकला तर सेफ?

चोरीच्या आरोपापुरतं, तेही तळटीप असेल तरच. फिल्टर चिन्हं बघतो, तळटीप आहे का ते बघत नाही, म्हणून बिनसंदर्भाचा उताराही आकड्यातून गायब होतो आणि परीक्षकाला मात्र दिसतो. नव्या रिपोर्टात Missing Citation असा वेगळा गट येतो, तो आधी उघडा. आणि पानामागून पान उतारेच असतील तर तुम्ही काय म्हणताय हा प्रश्न येणारच, तो गाईडबरोबर सोडवा.

दुसऱ्यांदा तपासलं तर ९२ टक्के! सोर्समध्ये आमच्याच विद्यापीठाचं नाव.

तुमचाच पहिला मसुदा साठवला गेलाय. ग्रंथालयाला सांगा, तो सोर्स वगळून रिपोर्ट काढतील, जुनी प्रत कायमची काढून टाकणंही ॲडमिनच्याच हातात असतं. पुढच्या वेळी मसुदा रिपॉझिटरीत न साठवता तपासायला सांगा, आणि हे अपलोड करायच्या आधी सांगा, नंतर नाही.