प्रोफेसरांना पहिला मेल: तुझा ड्राफ्ट वाचला

उन्हाळी इंटर्नशिपसाठी मॅडमना पाठवायच्या मेलचा ड्राफ्ट वाचला रे. साडेतीनशे शब्द झालेत आणि सुरुवातच दहावीच्या टक्क्यांपासून, ते आधी उडव, दीडशेत बसव. 'तुमचं काम फार प्रेरणादायी वाटतं' हे कुठल्याही सरांना चिकटवता येतं, त्यांना लगेच कळतं की हाच मेल पन्नास जणांना गेलाय.

मॅडमचा बायोफिल्मवाला पेपर तू खरंच वाचलायस ना, मग त्यातलं नेमकं एक विचार: 'तुम्ही क्रिस्टल व्हायोलेटने बायोफिल्म मोजलीत, पण तो रंग मेलेल्या पेशींनाही लागतो, मग जिवंत किती हे वेगळं बघितलं का?' फक्त चूक काढल्यासारखा सूर नको, आणि उत्तर पेपरातच नाहीये ना हे आधी बघ (मी असाच एकदा तोंडावर पडलोय).

त्याखाली एका ओळीत तुला काय येतं ते, म्हणजे सिरियल डायल्यूशन, प्लेटिंग कॉलेजच्या लॅबमध्ये स्वतः केलंय. 'काहीही काम चालेल' मात्र काढ, त्यावरून तुला नक्की काय द्यायचं हे त्यांना कळत नाही. मग तारखा, 15 मे ते 10 जुलै, आठ आठवडे. सब्जेक्टमध्ये नुसतं 'इंटर्नशिप' नको, 'उन्हाळी इंटर्नशिप, बायोफिल्म, मे-जुलै' असं टाक. सीव्ही एका पानाची पीडीएफ.