मार्जिन कॉल आला की पैसे भरायचे की शेअर विकायचे?

प्रश्न: ब्रोकरचा मार्जिन कॉल आलाय. पैसे भरू की शेअर विकू?

उत्तर: मार्जिन कॉल म्हणजे ब्रोकरकडून उसने घेऊन घेतलेल्या शेअरमध्ये तुमचा हिस्सा कमी पडतोय, तो भरून काढा, असा मेसेज. आधी त्या मेसेजमधली मुदत बघा. ती उलटली की ब्रोकर तुम्हाला न विचारता, मिळेल त्या भावाला शेअर विकू शकतो.

समजा, 50 हजार स्वतःचे आणि 50 हजार उसने घालून 1 लाखाचे शेअर घेतले. आता किंमत 70 हजारांवर आली. उसने तेवढेच आहेत, म्हणजे तुमचे उरले 20 हजार. किमान मार्जिन, म्हणजे शेअरच्या किमतीत तुमचा स्वतःचा हिस्सा, 30 टक्के असेल तर 21 हजार हवेत. रोख भरलीत तर 1 हजारात भागतं. विकून भागवायचं तर मात्र सुमारे 3,350 चे शेअर काढून ती रक्कम कर्जात वळवावी लागते, कारण विक्रीने तुमचा हिस्सा वाढत नाही, फक्त कर्ज घटतं.

पैसे भरायला नवं कर्ज काढावं लागत असेल, तर मी सरळ विकेन.