सरकारी हमी आहे, पण किमतीची नाही

प्रश्न : पुढच्या महिन्यात माझी 12 लाखांची मुदत ठेव सुटते आहे. हे पैसे तीन वर्षांनी मुलीच्या शिक्षणाला लागतील. गिल्ट फंड सरकारी म्हणून सुरक्षित, असे मित्र सांगतो. सरकारची कर्जे वाढत असल्याने निवृत्तीसाठीची शेअर फंडातली एसआयपी थांबवावी का?

उत्तर : हे 12 लाख दीर्घ मुदतीचे सरकारी रोखे घेणाऱ्या गिल्ट फंडात ठेवू नयेत, आणि एसआयपी या कारणासाठी थांबवू नये. सरकार मुद्दल बुडवणार नाही हे खरे. पण मुदतीआधी रोखा विकायचा झाल्यास बाजारात काय भाव मिळेल, याची हमी सरकार देत नाही.

1 फेब्रुवारी 2022 चा अर्थसंकल्प आठवा. राजकोषीय तूट, म्हणजे सरकारचा उत्पन्नापेक्षा जास्तीचा खर्च, जीडीपीच्या 6.4 टक्के धरली होती आणि जुन्या कर्जाची फेड धरून बाजारातून सुमारे 14.95 लाख कोटी उचलायचे होते. हा आकडा बाजाराच्या अंदाजापेक्षा बराच मोठा निघाला. एवढे रोखे घ्यायचे कोणी, तर मुख्यतः बँका, विमा कंपन्या आणि भविष्य निर्वाह निधी यांनी. आणि विक्रेत्याला गरज जास्त आहे असे दिसले की ग्राहक भाव पाडून मागतो. भाव पडला की नव्या ग्राहकाला मिळणारा परतावा, म्हणजे यील्ड, वाढतो. त्याच दिवशी दहा वर्षांच्या रोख्याचे यील्ड 6.7 टक्क्यांच्या आसपासवरून 6.8 च्या वर गेले, आणि जूनमध्ये ते सुमारे 7.6 झाले. अर्थात, त्यात रिझर्व्ह बँकेची रेपो दरवाढ आणि महाग तेल यांचाही मोठा वाटा होता. सगळे खापर तुटीवर फोडता येणार नाही.

तुमचे 12 लाख तेव्हा सात वर्षे ड्युरेशनच्या, म्हणजे यील्ड एक टक्का वाढले की किंमत सुमारे सात टक्के घटणाऱ्या, फंडात असते, तर यील्ड 0.9 टक्का वाढल्याने किमतीत साधारण 6.3 टक्के, म्हणजे 75 हजारांची घट झाली असती. साडेचार महिन्यांचे सुमारे 30 हजार व्याज वजा करूनही 45 हजार कमी दिसले असते. पैसा दहा वर्षे ठेवणारा हे भरून काढतो. प्रवेशशुल्काची तारीख मात्र थांबत नाही.

शेअरचे गणितही याच दरावर उभे असते. पुढच्या वर्षी 10 रुपये लाभांश देणारा, दरवर्षी 8 टक्के वाढणारा शेअर घ्या. रोखे 7 टक्के देत असतील आणि जोखमीपोटी आणखी 5 हवे असतील, तर 12 मधून 8 वजा जाता 4 टक्के उरतात आणि 10 रुपयांना त्या 4 टक्क्यांनी भागले की किंमत 250 रुपये येते. यील्ड अर्धा टक्का वाढले की तीच 222 होते. नफा एक पैसाही कमी न होता.

तरीही त्या 1 फेब्रुवारीला सेन्सेक्स 848 अंशांनी वर बंद झाला, कारण कर्जातून भांडवली खर्च 7.5 लाख कोटींवर न्यायचा होता आणि बाजाराने नफावाढीचा अंदाजही सोबत वाढवला. तेच कर्ज अनुदाने आणि व्याज यांत जाणार असते, तर असे घडण्याचे कारण नव्हते. म्हणून तूट पाहताना भांडवली खर्चाचा आकडा शेजारी ठेवून पाहावा, आणि तुटीच्या बातमीवर एसआयपी बंद-चालू करण्याच्या फंदात पडू नये.

शिक्षणाचे पैसे तीन वर्षांतच पूर्ण होणाऱ्या सरकारी रोख्यात, त्याच मुदतीच्या टार्गेट मॅच्युरिटी फंडात, म्हणजे ठरलेल्या तारखेला संपणाऱ्या रोखे फंडात, किंवा पुन्हा मुदत ठेवीत ठेवावेत. रोखा रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट खात्यातून थेट घेता येतो. मधल्या काळात त्याचा भाव खाली दिसला तरी तो शेवटपर्यंत ठेवल्यास दर्शनी रक्कम पूर्ण हाती येते. फक्त रोख्याची पूर्तता प्रवेशाच्या दोन-तीन महिने आधी येईल, असा निवडा.