आधी सर्वात मोठी फट मोज

अगं,

मेसेज कालच वाचला पण इथे मालवणात दुपारपासून लाईट नव्हती आणि मोबाईलवर एवढं टाईप करणं माझ्याच्याने होत नाही, म्हणून आज सकाळी बसलोय. तू लिहिलंयस, दिवसाला चार-पाच मीटिंग, मधे मधे चॅटवर "एक मिनिट आहे का", आणि तुझा खरा कोड सुरू होतो रात्री नऊनंतर, तिकडे वेंगुर्ल्यात आजूबाजूची घरं झोपायला लागल्यावर. आणि आता तू मॅनेजरला सांगणारेस की मीटिंगा कमी करा.

तसं सांगू नकोस. मी सांगून बघितलंय. तेव्हा मी पेमेंटचा ताळा जमवणारं मॉड्यूल करत होतो, बँकेची फाईल एकीकडे, आपल्या नोंदी दुसरीकडे, मधे रिफंड. मॅनेजरने विचारलं, आठवड्याला किती तास जातात मीटिंगमधे? मी बेरीज करून सांगितलं, अकरा. तो म्हणाला चाळीसातले अकरा गेले तर एकोणतीस उरतात की तुझ्याकडे. मी गप्प. हिशोब त्याचा बरोबरच होता, मीच चुकीची गोष्ट मोजली होती.

मग मी एक कागद घेतला आणि दोन आठवडे फक्त एवढंच लिहिलं की कोणीही न अडवता सलग किती वेळ मिळाला. दहाला स्टँडअप, साडेअकराला कॉल, अडीचला टेस्टिंगवाल्यांबरोबर, चारला परत काहीतरी. दिसताना मधे तास-तास दीड-दीड तास मोकळे दिसतात पण त्यात चॅट येतं, फोन येतो, आणि कॉल पंधरा मिनिटांवर आला की आपण नवीन काही उघडतच नाही, मेल बघत बसतो. दहा दिवसांत नव्वद मिनिटांच्या वरची फट मिळाली फक्त दोनदा. आणि त्या मॉड्यूलमधे कुठली नोंद कुठल्या फाईलीशी जुळली, कुठला रिफंड अर्धवट आहे हे सगळं डोक्यात चढायलाच मला अर्धा तास लागायचा. त्यामुळे ते एकोणतीस तास होते खरे, पण सुट्ट्या चिल्लरीत.

हा आकडा दाखवला तेव्हा त्याला पटलं. वाद घालावा लागला नाही.

त्याच कागदावर दुसरा रकाना कर. कोणी अडवलं, कशासाठी, आणि उद्यापर्यंत थांबलं असतं का. लगेच, त्याच क्षणी लिही, संध्याकाळी आठवून लिहिलंस तर फक्त राग आलेले प्रसंग आठवतात. माझ्याकडे एका आठवड्यात एकतीस वेळा कोणीतरी आलं होतं. त्यातले सतरा म्हणजे दोनच प्रश्न होते, "कुठपर्यंत आलं" आणि "टेस्टचा डेटा कुठला वापरू". खरोखर थांबू न शकणारे दोन. म्हणजे माणसं त्रास देत नव्हती, मी त्यांना उत्तर शोधायची जागाच दिली नव्हती. त्यानंतर मी रोज सव्वानऊला ग्रुपवर तीन ओळी टाकायला लागलो, काल काय झालं, आज काय करतोय, कुठे अडलंय, आणि टेस्ट डेटाची एक पानभर नोट लिहून ती चॅनलला पिन केली. पुढच्या आठवड्यात त्या सतरातले चार उरले. हे काही न मागता झालं, आणि मागायला गेलो तेव्हा हातात होतं.

आता मागायचं कसं. "मला फोकस टाईम हवा" असं म्हटलंस तर समोरच्याला ऐकू येतं की हिला कोणाशी बोलायचं नाही. नेमकं माग. मी असं म्हटलं होतं: "मंगळवार आणि गुरुवार, साडेनऊ ते साडेबारा, चार आठवडे करून बघू. लाईव्ह सिस्टिम बंद पडली तर फोन करा, पहिल्या रिंगला उचलतो. चॅट मात्र बंद असेल. साडेबारा ते दीड मी सगळ्यांसाठी मोकळा, कोणीही काहीही विचारा. त्या दोन दिवशी स्टँडअपला येणार नाही, सव्वानऊचा मेसेज असेलच. चार आठवड्यांनी मॉड्यूल कुठवर आलं ते बघून ठरवा." त्याची भीती होती की मग सगळेच मागतील. मी म्हटलं मागू देत, सगळ्यांना एकच वेळ दिली तर मीटिंग दुपारी जातील, संपणार थोडीच आहेत. तुमचा क्लायंट लंडनचा आहे ना, मग तुझं काम अजून सोपं, उन्हाळ्यात ते आपल्या साडेचार तास मागे आणि थंडीत साडेपाच, त्यांचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे दीड किंवा अडीच. सकाळच्या मीटिंग सगळ्या आपल्याच लोकांनी आपल्यासाठी लावलेल्या असतात, त्या हलतात.

न विचारता कॅलेंडरवर ब्लॉक टाकू नकोस. गूगल कॅलेंडरमधे आलेलं आमंत्रण आपोआप नाकारायची सोय आहे, मी ती चालू केली आणि दुसऱ्याच दिवशी क्लायंटच्या माणसाला नकार गेला, तो उगाच दुखावला. आधी बोलणं, मग ब्लॉक.

आणि ब्लॉक मोडणारी बहुतेक वेळा तूच असशील हे पण ऐकून ठेव. अवघड जागा आली की आपणच चॅट उघडून बघतो. दुसरं म्हणजे घर. "घराकच आसस ना, मगे जरा बाजारात जाऊन ये." आईला लॅपटॉपसमोर बसलेलं माणूस काम करतंय हे पटत नाही, त्यात तिची चूक नाही. तिच्याशी पण तसंच नेमकं बोल, दोन वार, तीन तास, नंतर सिलिंडर, बाजार, काय ते सगळं. तुमच्याकडे देखभालीसाठी ज्या वारी लाईट जाते तो वार मात्र घेऊ नकोस, मी तो एकदा घेतलेला.

मधे उठावंच लागलं तर उठण्याआधी दोन ओळी लिही, कुठे थांबले आणि परत आल्यावर पहिलं काय करणार. सोफी लेरॉय म्हणून संशोधक आहेत, त्यांनी 2009 साली दाखवलं की अर्धवट सोडलेलं काम डोक्यात मागे रेंगाळत राहतं आणि पुढचं काम बिघडवतं, आणि नंतरच्या कामात असंही निघालं की अशी छोटी नोंद करून उठलं की ते रेंगाळणं कमी होतं. माझा अनुभव पण तोच. "रिफंडच्या तारखेचा फॉर्मॅट तपासायचाय" एवढं लिहिलेलं असलं तरी परत चढायला अर्ध्या तासाऐवजी दहा मिनिटं लागायची.

जिथे हे चालत नाही ते पण सांगतो. सपोर्टचा आठवडा असेल तर ब्लॉक मागूच नकोस, तेव्हा अडवून घेणं हेच काम असतं. आणि तुझ्या टीममधे तो नवीन मुलगा आलाय म्हणालीस, त्याला तीन तास अडकवून ठेवलंस तर तुझी सकाळ वाचेल आणि त्याचा दिवस जाईल. त्याला सांग की अर्धा तास स्वतः झगड, नाहीच सुटलं तर ब्लॉकमधे पण फोन कर. महिन्यात दोन-तीनदा करेल, करू दे.

मॅनेजरशी बोलायच्या आधी तो दोन आठवड्यांचा कागद मला फोटो काढून पाठव. मंगळवारी सकाळी पाठवलास तरी मी दुपारीच बघीन.

तुझा,
दादा