टॉस जिंकलास तर आधी खेळपट्टीला हात लाव

नुसता हिरवा रंग बघून फसू नकोस. अंगठा दाबून बघ. माती दमट लागली आणि गवत जिवंत असेल, तर चेंडूची शिवण तिथे पकड घेते आणि चेंडू आत-बाहेर होतो. पण ऊन पडलं की ओल उडते, म्हणजे हा त्रास मुख्यतः पहिल्या सत्रांचा. तेव्हा आधी गोलंदाजी घे.

कोरडी, भेगाळलेली खेळपट्टी याच्या उलट. ती रोज आणखी फुटते, बुटांच्या खुणा खोल होतात, चौथ्या डावात फिरकी खेळणं अवघड होतं. तिथे डोळे झाकून फलंदाजी.

ऑक्टोबर २०२४ आठव. न्यूझीलंडविरुद्धच्या बंगळुरू कसोटीत पावसामुळे खेळपट्टी झाकलेली होती, आभाळ भरलेलं. कर्णधार रोहित शर्माने टॉस जिंकून फलंदाजी घेतली आणि भारत ४६ धावांत गारद. खेळपट्टी ओळखण्यात चूक झाली, हे त्याने नंतर मान्यही केलं. आठवड्याभरात पुण्याच्या कोरड्या खेळपट्टीवर न्यूझीलंडने टॉस जिंकून २५९ केल्या, मग त्यांचा फिरकीपटू सँटनरने सामन्यात १३ बळी घेतले.

क्लबच्या एकदिवसीय सामन्यात मात्र भेगा रुंदावायला वेळच मिळत नाही. तिथे सकाळची ओलच जास्त बघ.